भाईलोकांची भाषा लिहिताना: खोटा आणि शिळा शब्द कसा ओळखायचा

गुन्हेगारी कथा लिहायला बसलेला नवा लेखक पहिल्या पाच पानांतच सुपारी, घोडा, खोका, पांडू आणि गेम हे सगळे शब्द खर्चून मोकळा होतो. यातला एकही शब्द खोटा नाही. पण ते सगळे एकाच माणसाच्या तोंडी, एकाच साली आणि एकाच गल्लीत सापडणं अवघड असतं. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण हे सगळं सिनेमातून उचललंय एवढं त्याला कळतं.

हा लेख मुंबईच्या टोळ्यांची आणि महाराष्ट्रातल्या तुरुंगांची भाषा कथा-कादंबरीत वापरू पाहणाऱ्यांसाठी आहे. शब्दांची यादी मी देणार नाही. अशा याद्या भरपूर मिळतात आणि बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. हाती आलेला शब्द तपासायचा कसा, आणि तपासता आला नाही तर काय करायचं, एवढंच इथे सांगतो.

पहिली पायरी: साल आणि पत्ता आधी, शब्द नंतर

मुंबईतल्या गुन्हेगारीचा धंदा बदलत गेला, तशी तिची भाषाही बदलली. म्हणून पात्र कोणत्या साली काय धंदा करतंय हे आधी पक्कं करायचं. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, तोवर सोन्याची तस्करी जोरात होती. तेव्हा दहा तोळ्यांचं ‘बिस्किट’ आणि रात्री किनाऱ्यावर माल उतरवायचं ‘लँडिंग’ हे रोजचे शब्द होते. १९९०मध्ये तो कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयात खुली होत गेली आणि त्या धंद्यातली जुनी मलई संपली. २००५ साली घडणाऱ्या कथेतला तरुण पोरगा ‘आज लँडिंग आहे’ म्हणाला, तर त्याच्याकडे तसं म्हणायला वेगळं कारण असायला हवं.

मटक्याचंही तेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणारा जुगार १९६१मध्ये बंद पडला आणि त्यानंतर मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत आली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं त्यानंतरची. ‘ओपन’, ‘क्लोज’ आणि ‘आकडा’ हे शब्द मात्र टिकले, कारण खेळ टिकला. धंदा संपला की शब्द संपतो आणि धंदा चालू राहिला की शब्द तगतो, हा ढोबळ नियम बऱ्याच ठिकाणी कामाला येतो.

नशेच्या मालाच्या बाबतीत तर तारीख फारच स्पष्ट दिसते. ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर पसरली, तिला ‘गर्द’ म्हणत, आणि त्यावरून ‘गर्दुल्ला’ आला. हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी इतका वापरला की आज तो कुठल्याही नशेबाजाला लावतात. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन, ते फार नंतरचं. अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५मध्ये आलं. त्या सुमाराच्या बातम्यांत ‘म्याव म्याव’ असं नाव सर्रास दिसतं, पण मला ते बातमीदारांच्या तोंडचं वाटतं. विकणारा आणि घेणारा ‘एमडी’ म्हणून मोकळा होतो. १९९२च्या कथेत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ यातला कुठलाच शब्द चालणार नाही.

सालानंतर पत्ता. मुंबईचा पोरगा आणि पुण्याचा पोरगा एकसारखं बोलत नाहीत, आणि त्यांच्या हातातलं हत्यारही सारखं नसतं. पुण्यातल्या गेल्या काही वर्षांच्या बातम्या चाळल्या तर पानोपानी कोयता सापडेल. ‘रंगदारी’ हा बिहार-उत्तर प्रदेशातला शब्द आहे; मुंबईत ‘हप्ता’ किंवा ‘वसुली’ म्हणतात आणि मराठी कागदावर ‘खंडणी’ येते. वेब मालिकांच्या नादानं उत्तरेकडचे शब्द मराठी पात्रांच्या तोंडी घुसलेत, त्यांच्यावर खास नजर ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे तोंड: बोलतंय कोण, आणि कोणाशी. गिरणगावातला मराठी मुलगा घरात मराठी बोलतो, नाक्यावर मराठी-हिंदीची भेळ करतो आणि डोंगरीच्या माणसाशी फोनवर वेगळंच बोलतो. त्याच्या तोंडी सगळीकडे ‘अपुन’ आणि ‘मेरेको’ घालायची गरज नाही. म्होरक्याला काय म्हणायचं तेही टोळीगणिक बदलतं. दगडी चाळीत ‘डॅडी’ होतं, छोटा राजनला त्याची माणसं ‘नाना’ म्हणत. ‘भाई’ हा सगळ्यांना चालणारा शब्द आहे, आणि नेमक्या त्याच कारणानं तो वाचकाला काहीच सांगत नाही.

दुसरी पायरी: वही घाला

प्रत्येक संशयित शब्दाला वहीत एक ओळ द्यायची. त्यात चारच गोष्टी लिहायच्या: शब्द कुठे सापडला, तो मजकूर कोणत्या सालचा, तो कोणाच्या तोंडी होता, आणि ते तोंड आतल्याचं होतं की बाहेरच्याचं.

ही चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपण ज्याला ‘अंडरवर्ल्डची भाषा’ म्हणतो, तिच्यात तीन वेगळ्या भाषांची सरमिसळ असते. टोळीतल्या माणसांची एक, पोलिसांची दुसरी, बातमीदारांची तिसरी. ‘सराईत’, ‘तडीपार’, ‘मुद्देमाल’, ‘अंगझडती’ हे पोलिसांच्या कागदावरचे शब्द. ‘चकमकफेम अधिकारी’ हा निव्वळ वर्तमानपत्री माल, तो कुणी चहा पिताना बोलत नाही. ‘फटका गँग’ हेही बातम्यांत रुळलेलं नाव. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणारा स्वतःला त्या गँगचा सदस्य म्हणवून घेत असेल, असं समजू नका. आणि ‘तडीपार’सारखे काही शब्द तिन्ही भाषांत फिरतात, कारण ज्याला तडीपार केलं त्यालाही तो शब्द रोज वापरावाच लागतो.

बाहेर पडलेल्या शब्दाचं पुढे काय होतं, तेही वहीत टिपा. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, हे एकेकाळी जाणकारांपुरतं होतं. २०२२मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’च्या घोषणा झाल्या आणि हा शब्द गावच्या पारापर्यंत पोचला. २०२३च्या कादंबरीत खंडणीखोर गंभीरपणे ‘पाच खोके’ म्हणाला, तर अर्ध्या वाचकांना राजकारण आठवून हसू येईल. हसू हवं असेल तर खुशाल ठेवा.

सिनेमाची भानगड याच्याशीच जोडलेली आहे. पडद्यावर जे गाजतं ते गल्लीतली पोरं उचलतात, मग ते पोलिसांच्या आणि बातम्यांच्या तोंडी येतं, आणि पुढच्या सिनेमाचा लेखक ते ‘गल्लीतलं’ म्हणून टिपून नेतो. म्हणून पंचवीस वर्षांचं पात्र सिनेमाची नक्कल करत बोललं तर ते खरंच असू शकतं. पण सत्तर सालच्या गोदीतला दादा त्याच भाषेत बोलला तर गाडी उलटी धावते.

तिसरी पायरी: कागद वाचा, पण कोणी लिहिला ते बघून

सगळ्यात सहज मिळणारा कागद म्हणजे प्रथम खबर, आपल्याकडे जिला सरळ एफआयआर म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख निवडली की त्या वाचता येतात. पन्नासेक वाचा. ‘सदर इसमाने मला शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जिवे ठार मारण्याची धमकी दिली’ या चालीची वाक्यं इतक्या वेळा भेटतील की नंतर झोपेत आठवतील.

पण हे वाचताना एक गोष्ट विसरू नका. फिर्याद देणारा बोलतो आणि लिहून घेणारा हवालदार आपल्या ठाशीव मराठीत ते उतरवतो. अवतरणचिन्हातलं ‘तुला आता जिवंत सोडत नाही’ हेसुद्धा बऱ्याचदा ठरीव साच्यातलं असतं. कलम बसावं म्हणून धमकी स्पष्ट लिहावी लागते. तेव्हा एफआयआरमधून गुंडाची भाषा उचलू नका, पोलिसांची उचला. तुमच्या कथेतला अंमलदार जबाब घेत असेल तर याहून चांगली शिकवणी नाही. तुमच्या कथेतला गुंड मात्र ‘सदर ठिकाणी’ म्हणायला लागला, तर कागद फार वाचून झाले असं समजा.

दुसरा कागद म्हणजे निकालपत्रं. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे बोलीतला ‘मोक्का’, १९९९मध्ये आला. त्यात फोन ऐकण्याची परवानगी कशी घ्यायची आणि ते संभाषण पुरावा म्हणून कसं वापरायचं, याची तरतूद आहे. त्यामुळे त्यानंतरच्या काही खटल्यांत आरोपींच्या फोनवरच्या गप्पा शब्दशः नोंदल्या गेल्या आणि त्यातले तुकडे निकालपत्रांत उतरले. अशी निकालपत्रं `indiankanoon.org` वर फुकट वाचता येतात. तिथला मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो आणि आपले शब्द रोमन लिपीत, त्यामुळे दोन-तीन प्रकारे स्पेलिंग करून शोधावं लागतं:

```
peti khoka extortion MCOCA
supari game Bombay High Court
```

असे उतारे वाचताना पहिला धक्का बसतो तो बोलण्यातल्या साधेपणाचा. ‘तो’, ‘तिकडचं’, ‘ते काम’, ‘माल’, ‘पार्टी’. सांकेतिक म्हणावे असे शब्द मूठभर. आपला फोन कोणीतरी ऐकत असेल अशी ज्याला भीती आहे, तो ‘घोडा’ कशाला म्हणेल? पोलिसांना त्याचा अर्थ केव्हाचा ठाऊक आहे. तो म्हणेल ‘ती वस्तू’, किंवा काहीच म्हणणार नाही. नव्या लेखकाची भाषा जिथे घसरते ती जागा हीच. परका ऐकत असताना खरा गुन्हेगार झाकून बोलतो आणि आपल्यातच असला की साधं बोलतो; टिपिकल भाईभाषा येते ती समोरच्यावर छाप पाडायची असेल तेव्हा. एका प्रसंगात या तीनपैकी कुठली परिस्थिती आहे हे आधी ठरवलं की अर्धे शब्द आपोआप गळतात.

तिसरं साधन म्हणजे जुनी वर्तमानपत्रं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी बसून जुने अंक चाळायची तयारी हवी. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. शब्द छापताना संपादकानं त्याला अवतरणचिन्ह दिलं आहे का आणि पुढे अर्थ सांगितला आहे का, ते बघा. ‘सुपारी’ अवतरणात असेल आणि लगेच ‘म्हणजे पैसे घेऊन खून करण्याचं काम’ असा खुलासा असेल, तर त्या साली तो शब्द सामान्य वाचकाला नवा होता. अवतरण गेलं की शब्द घरचा झाला. अशा दोन तारखा मिळाल्या की शब्दाचं वय बऱ्यापैकी कळतं.

जुन्या इंग्रजी अमलातल्या शब्दसूचींबद्दल मात्र सावध राहा. स्लीमननं १८३६मध्ये ठगांच्या भाषेचा कोश छापला, मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वर केनेडीचं पुस्तक १९०८मध्ये निघालं. हे शब्द पोलिसांच्या चौकशीत, माफीच्या साक्षीदारांकडून गोळा झालेले आहेत, आणि अनेक ठिकाणी एका समाजाच्या घरगुती बोलीलाच ‘चोरांची भाषा’ ठरवलं आहे. १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला तो १९५२मध्ये पुसला गेला. कादंबरीत तो परत मारायचं काही कारण नाही. पारधी किंवा भामटा समाजातलं पात्र घ्यायचं असेल तर त्यांच्या बोलीला सांकेतिक भाषा म्हणून वापरू नका.

चौथी पायरी: माणसांना भेटा, पण शब्द मागू नका

‘तुमच्या लाइनमध्ये पिस्तुलाला काय म्हणतात हो?’ असं विचारलंत की समोरचा हसून सिनेमातलाच शब्द सांगेल. त्याला वाटतं तुम्हाला तेच हवंय. त्याऐवजी ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा’ म्हणा आणि गप्प बसा. शब्द गोष्टीतून येतात आणि योग्य जागी बसूनच येतात.

भेटायचं कोणाला? फौजदारी वकिलांचे कारकून, निवृत्त हवालदार, न्यायालयाची बातमीदारी केलेली माणसं. न्यायालय तर उघडंच असतं: मुंबईत काळाघोड्याचं सत्र न्यायालय, पुण्यात शिवाजीनगर. रिमांडच्या वेळी बाकावर जाऊन बसा. वकील अशील आणि त्याच्या आईशी व्हरांड्यात जे बोलतो, ते कुठल्याच पुस्तकात नाही. ‘पीसी’ मिळाली की ‘एमसी’, म्हणजे पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी, यावर त्या घराची पुढची आठ-दहा दिवसांची झोप ठरते. हा फरक ज्या लेखकाला कळला, त्याला भाईभाषेची फारशी गरज पडत नाही.

तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर ओळखीतल्या ओळखीनं त्याला गाठू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून बंद्यांबरोबर काम करतो. अशा कार्यकर्त्यांच्या मार्फत, त्या माणसाची राजीखुशी असेल तरच भेटा. त्याच्या खटल्याबद्दल विचारू नका, खटला चालू असेल तर बोलूच नका. आणि त्यानं वापरलेला एखादा शब्द फक्त त्याच्याकडेच ऐकला असेल, दुसरीकडे कुठेच नाही, तर तो सोडून द्या. त्यातून त्याची ओळख पटू शकते.

एक उतारा तपासून पाहू

समजा कथा १९८६ची, लालबागची. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात बापाची नोकरी गेली आणि मुलगा नाक्यावरच्या टोळीत ओढला गेला. पहिल्या खर्ड्यात संवाद असा पडला:

‘भाईचा मोबाइलवर फोन आलेला. त्या बिल्डरची पाच खोक्यांची सुपारी आहे. तू घोडा घे, मी रेकी करतो. पण जपून, एन्काउंटर स्पेशालिस्ट मागावर आहेत. मोक्का लागला तर जिंदगी आर्थर रोडच्या अंडा सेलमध्ये.’

एकेक शब्द घेऊ. मोबाइल सरळ बाद, कारण भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ला सुरू झाली. १९८६ला निरोप माणसाच्या हाती येईल, नाहीतर इराण्याच्या हॉटेलातल्या किंवा शेजारच्या दुकानातल्या फोनवर. मोक्का बाद, तो १९९९चा. त्या काळात ‘टाडा’ होता, १९८५पासून, पण नाक्यावरच्या नवख्या पोराला भीती असेल ती साध्या ‘तीनशे दोन’ची. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ हे बिरुद नव्वदीच्या दशकातल्या बातम्यांनी गाजवलं. मन्या सुर्वे वडाळ्यात ११ जानेवारी १९८२ला मारला गेला होता, तेव्हा चकमकीची भीती त्या मुलाला असू शकते, बिरुद मात्र त्याला माहीत नसावं. ‘रेकी’ मला पोलिसांच्या आणि बातम्यांच्या तोंडचा वाटतो. पोरगा म्हणेल ‘बघून ठेवतो’. अंडा सेल तर सालाचा प्रश्नच येत नाही, अतिसुरक्षेची ती कोठडी असल्या नवख्यासाठी नसते. तो गर्दीच्या बराकीत जाईल.

राहिले खोका, घोडा आणि सुपारी. पाच कोटी हा आकडाच त्या गल्लीत, त्या काळात बसत नाही. पण समजा रक्कम लहान केली, तरी लालबागच्या नवख्या पोराच्या तोंडी १९८६ला ‘पेटी’ असेल का? वहीत त्या सालचा, त्या भागातला पुरावा नसेल तर एकच गोष्ट करायची: साधा शब्द घालायचा. हजार म्हणजे हजार. शिवाय दोघं एकाच टोळीतले आहेत, तिसरं कोणी ऐकत नाहीये, म्हणजे झाकायचंही नाही आणि छापही पाडायची नाही. हे सगळं लावलं की खर्डा असा होतो:

‘त्या बिल्डरचं काम आलंय.’
‘किती?’
‘पन्नास हजार. अर्धे आधी.’
‘सामान?’
‘मिळेल. तू फक्त बघून ठेव, तो कधी निघतो, बरोबर कोण असतं.’
‘आणि अडकलो तर?’
‘वकील शेठ बघतील. आईकडे महिन्याचे पैसे पोचतील.’
‘बाबांना नको सांगू.’

शब्दांत सांकेतिक असं फक्त ‘काम’ आणि ‘सामान’ उरलं. असे झाकलेले, साधे शब्द लवकर शिळे होत नाहीत, कारण ते मुळात कधी फॅशनमध्ये नसतात. आणि शेवटच्या ओळीला साल लागतच नाही.

पाचवी पायरी: तुरुंगाच्या दारात शिरताना

तुरुंगाच्या प्रसंगांत शब्दांपेक्षा व्यवस्थेची चूक जास्त होते, आणि ती झाली की बरोबर शब्दही खोटे वाटतात. भारतीय तुरुंगांतल्या चार बंद्यांपैकी साधारण तिघांचा खटला अजून चालू असतो. कागदावर ते ‘न्यायाधीन बंदी’, बोलण्यात ‘कच्चे कैदी’. ते स्वतःचे कपडे घालतात आणि त्यांना सक्तमजुरी नसते. आर्थर रोडला परवा अटक होऊन आलेल्या आरोपीला पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवून खडी फोडायला लावलंत, तर पुढचं काही वाचकानं खरं मानायचं कारण नाही. ‘चक्की पिसणे’ आणि ‘खडी फोडणे’ आता वाक्प्रचारातच उरलेत. म्हाताऱ्या हवालदारानं धमकी म्हणून म्हटलं तर शोभतं.

कच्च्या कैद्याचं आयुष्य ‘तारखे’भोवती फिरतं. आज तारीख आहे, तारीख पडली, तारखेला नेलंच नाही. नेलं का नाही? ‘गार्ड नव्हता’, म्हणजे न्यायालयात घेऊन जायला पोलीस बंदोबस्त मिळाला नाही. हल्ली बरेचदा दूरचित्रसंवादावर हजर करतात, त्याला ‘व्हीसी’ म्हणतात. २००० सालच्या कथेत ‘व्हीसी’ घालू नका आणि २०२४च्या कथेत प्रत्येक तारखेला निळी गाडी दारात उभी करू नका. घरच्यांची भेट म्हणजे कागदावर ‘मुलाखत’, बोलताना बरेच जण ‘मुलाकात’ म्हणतात. महाराष्ट्रात मुलांना बापाला जवळून भेटू देणारा ‘गळाभेट’ उपक्रम आहे. हे नाव कुणा लेखकानं कल्पनेनं काढलं असतं तर मी ते गोडगोड म्हणून कापलं असतं, पण ते सरकारी आहे.

शिक्षा लागलेल्या, म्हणजे ‘पक्क्या’ कैद्याची शब्दसंपदा वेगळी. त्याच्या तोंडी ‘पॅरोल’ आणि ‘फरलो’ असतात, कागदावर अनुक्रमे ‘अभिवचन रजा’ आणि ‘संचित रजा’. या दोन रजा एकच नाहीत. संचित रजा शिक्षेचा ठरावीक काळ काढल्यावर मिळते, अभिवचन रजा घरातल्या अडचणीसाठी. ‘बाप वारला म्हणून फरलोवर आला’ हे वाक्य जाणत्या वाचकाला लगेच टोचतं.

तुरुंगाची जागा कशी दिसते हे न जाताही बऱ्यापैकी कळू शकतं. लंडनच्या न्यायालयानं २०१८मध्ये एका फरारी उद्योगपतीच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत आर्थर रोडच्या बारा नंबर बराकीचा व्हिडिओ मागवला होता. अशा सुनावण्यांच्या निकालांत खिडकी, उजेड, संडास यांचं वर्णन सापडतं. राजकीय बंद्यांच्या आठवणीही वाचा, पण आणीबाणीतल्या मिसाबंदीचा तुरुंग आणि खिसेकापूचा तुरुंग एका भिंतीआड असले तरी वेगळे होते हे लक्षात ठेवून.

सहावी पायरी: कलमांचे आकडे

आकड्यांची भाषा ही खरी आतली भाषा, आणि १ जुलै २०२४ला तिची मोठी उलथापालथ झाली. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, फसवणुकीचं ४२० आता ३१८. पण १ जुलै २०२४च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच कलमाखाली चालतो. म्हणून २०२६च्या कथेतल्या एकाच बराकीत दोघांवर खुनाचा आरोप असेल आणि एकाच्या कागदावर ३०२, दुसऱ्याच्या कागदावर १०३ असेल. बोलण्यात मात्र जुना आकडाच ऐकू येईल. तोंड कायद्याइतकं चटकन बदलत नाही. ‘चारशेवीस’ तर शिवी होऊन बसली आहे, ती हलणार नाही.

३०७ला मुंबई-पुण्यात ‘हाफ मर्डर’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात फुशारकी आणि हिशेब दोन्ही आहेत, आणि कलमाचा आकडा बदलला तरी त्याला धक्का लागत नाही. असा शब्द सापडला की पात्राच्या तोंडी एकदाच ठेवावा.

किती घालायचे आणि कोणाला दाखवायचे

माझा अंदाज असा की एका प्रसंगात एक अनोळखी शब्द पुरतो, आणि त्याचा अर्थ पुढच्या कृतीतून कळला पाहिजे. ‘त्यानं सामान पॅन्टीत खोचलं आणि वरून शर्ट ओढला’ इतकं आलं की कंसात अर्थ द्यायला नको. शेवटी शब्दसूची जोडावीशी वाटली तर समजा की प्रसंगांतच कुठेतरी कमी पडलंय. शिव्यांचंही तसंच, खऱ्या बोलण्यात त्या स्वल्पविरामासारख्या येतात, कागदावर तितक्या आल्या तर चौथ्या पानावर त्यांचा आवाज बंद होतो.

खर्डा तयार झाला की दोघांना वाचायला द्या: एक फौजदारी वकिली करणारा आणि एक त्या गल्लीत त्या काळात वाढलेला. दुसऱ्याचा गुन्ह्याशी संबंध असायची गरज नाही, उलट नसलेलाच बरा. त्यांना ‘कसं वाटलं’ विचारू नका. हातात पेन्सिल द्या आणि जिथे वाचताना अडखळाल तिथे नुसती रेघ मारा म्हणा. कारण सांगायला लावलं की माणसं सौजन्यानं बोलायला लागतात. दोघांचीही रेघ एकाच शब्दाखाली आली तर वहीत काहीही लिहिलेलं असो, तो शब्द काढा आणि त्या जागी साधं मराठी घाला.